आजोबा आजच ही गोष्ट का सांगत आहेत? कथेच्या बाहेरच्या चौकटीविषयी

प्रश्न: मी नेरुळला राहतो. माझ्या दीर्घकथेत बेलापूरकडच्या एका गावातले 82 वर्षांचे आजोबा नातवाला 1962 सालच्या नारळी पौर्णिमेला खाडीचा बांध फुटल्याची आणि त्यात त्यांचा धाकटा भाऊ वाहून गेल्याची गोष्ट सांगतात. नातू संपादित जमिनीबद्दल मिळणाऱ्या साडेबारा टक्क्यांच्या भूखंडाच्या कागदावर त्यांची सही घ्यायला आलेला असतो. कथा वाचलेल्या दोघांनी सांगितले की आजोबा-नातवाचा भाग काढून टाका, आतली गोष्ट एकटीच उभी राहते. काढू का? ठेवायचा असेल तर त्या भागाने नेमके काय द्यायला हवे? मसुदा सोबत जोडला आहे.

उत्तर:

तुमच्या दोन वाचकांनी दोष बरोबर ओळखला आहे, पण त्यांनी सुचवलेला उपाय मला मान्य नाही. मसुद्यात नातू खाटेजवळ बसतो, कागद उशाशी ठेवतो, अधूनमधून ‘मग काय झालं आजोबा?’ असे विचारतो आणि शेवटी त्याचे डोळे भरून येतात. त्याच्या जागी दुसरा कोणीही बसला असता तरी आतल्या गोष्टीतला एक शब्दही बदलला नसता. असा श्रोता असून नसल्यासारखाच असतो, म्हणून वाचकाला तो भाग काढून टाकावासा वाटतो. परंतु तो कागद उशाशी पडलेला आहे. तुम्ही तो केवळ नातवाला घरात आणण्यासाठी वापरला आणि नंतर विसरून गेलात. माझ्या मते तुमच्या संपूर्ण कथेचे कारण त्या कागदात आहे.

चौकटीची, म्हणजे गोष्टीत गोष्ट सांगणारी, कथा लिहिताना पहिला प्रश्न असा असतो की, ही गोष्ट सांगणाऱ्याने आजवर सांगितली नाही, मग नेमकी आज आणि नेमकी याच माणसाला का सांगितली? आपल्या परंपरेने हा प्रश्न फार गांभीर्याने घेतलेला आहे. वैशंपायन महाभारत सांगतात ते जनमेजयाच्या सर्पसत्रात. ऐकणाऱ्याचा बाप परीक्षित तक्षकाच्या दंशाने मेलेला आहे आणि त्या सुडापोटी तो नागांचे कुळच्या कुळ अग्नीत ओतायला बसला आहे. अशा माणसाला त्याच्याच पूर्वजांच्या सुडाची आणि कुलक्षयाची कथा ऐकवली जाते. सत्र थांबते ते आस्तिक ऋषीमुळे, कथेच्या प्रभावामुळे नव्हे, हे खरे. तरीही कोण ऐकतो आहे आणि ऐकताना त्याच्यासमोर काय जळते आहे, हे ठाऊक असल्यामुळे आतल्या कथेतली प्रत्येक प्रतिज्ञा आपल्याला वेगळ्या अर्थाने ऐकू येते. हीच कथा अज्ञात निवेदकाने अज्ञात श्रोत्याला सांगितली असती, तर तिचा हा अर्थ उरला नसता.

आता तुमच्या कागदाकडे वळू. मसुद्याच्या मध्यावर एक वाक्य आहे की, भाऊ गेल्यावर त्याची बायको तान्ह्या मुलीला घेऊन माहेरी निघून गेली आणि पुन्हा आली नाही. तुम्ही ते वाक्य लिहून पुढे निघून गेलात. नातू ज्यासाठी सही मागतो आहे तो भूखंड गावाची जमीन नवी मुंबईसाठी संपादित झाली म्हणून मिळणार आहे, आणि त्या जमिनीत दोन भावांचा हिस्सा होता. भाऊ 1962 साली वारला, म्हणजे 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानंतर. तेव्हा सर्वसाधारणपणे त्याच्या हिश्श्यावर त्याची विधवा आणि मुलगी यांचा हक्क पोहोचतो. ती मुलगी आज साठीच्या पुढची असणार. नातवाने आणलेल्या कागदावर वारसांची जी यादी आहे तिच्यात तिचे नाव आहे का? तुम्ही यादी वाचकाला दाखवलेलीच नाही. ती दाखवा. तिच्यात तिचे नाव नसू द्या, आणि नातवाला ती अस्तित्वात आहे याचा पत्ताही नसू द्या. मग आजोबा सही करण्याआधी ‘बस, आधी एक ऐक’ असे का म्हणतात, हे कोणी समजावून सांगावे लागणार नाही. कायद्याच्या तपशिलात मात्र कथा शिरू देऊ नका. कुळाची जमीन, एकत्र कुटुंब, सातबाऱ्यावरच्या नोंदी यांचे गुंते खरोखरच मोठे असतात. जाणत्या वकिलाला एकदा विचारून घ्या आणि कथेत त्यातले एकच वाक्य येऊ द्या.

एवढे केले की बाहेरच्या थराला सांगण्याचे कारण मिळते. परंतु त्याहून मोठी गोष्ट अशी की, कारण मिळाले की वाचक सांगणाऱ्यावर संशय घेऊ लागतो. ज्याला काही साधायचे आहे, कबूल करायचे आहे किंवा झाकायचे आहे, तो घडले तसे सांगेलच असे नाही. एकट्या आतल्या गोष्टीत बांध फुटतो, भाऊ वाहून जातो, आणि आपण त्यावर विश्वास ठेवतो, कारण अविश्वास दाखवायला तिथे कोणी उभेच नसते. चौकट असली की गोष्टीबाहेर उभे राहून ती तपासणारा एक माणूस कथेतच मिळतो. बाहेरच्या थराची सर्वांत मौल्यवान देणगी हीच आहे असे मी मानतो, आणि ती तुमच्या मसुद्यात आधीच दडलेली आहे. बहुधा नकळत.

आजोबा सांगतात की पौर्णिमेची रात्र होती, उधाण होते, दोघे भाऊ आळीपाळीने बांधावर राखणीला होते, आणि पहाटे, कोंबडे आरवायच्या सुमाराला, भरतीने उघाडीजवळ, म्हणजे बांधातल्या पाणी सोडायच्या दाराजवळ, खांड पाडली. खाडीकाठच्या कोणत्याही जुन्या माणसाला हे वाक्य वाचून दाखवा, तो तुम्हाला तिथेच थांबवील. आपल्या किनाऱ्यावर पौर्णिमेची आणि अमावास्येची मोठी भरती दुपारी आणि मध्यरात्रीच्या आसपास येते; खाडीत जितके आत जावे तितका तिला थोडा उशीर होतो, आणि पुढे दर दिवशी ती साधारण पाऊण तास उशिरा येत जाते. कोळी-आगरी मंडळी तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात ती याच हिशेबाने. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून त्या दिवशी भरती सहाच्या सुमाराला. म्हणजे पौर्णिमेच्या पहाटे खाडीत ओहोटी असणार. भरती पहाटेची हवी तर तिथी अष्टमीच्या आसपासची घ्यावी लागेल, पण तेव्हा भांगाचे पाणी असते. त्याची चढ-उतार कमी, आणि धडधाकट बांध फोडण्याइतका जोर त्यात नसतो. बांध उधाणाने फुटला असेल तर तो मध्यरात्रीच फुटला. आजोबा पहाट म्हणत आहेत.

तुम्ही हे अनवधानाने लिहिले असेल तर चूक दुरुस्त करून मोकळे होऊ शकता. मी तुमच्या जागी असतो तर ती तशीच ठेवली असती, आणि तिच्यावर सगळी कथा उभी केली असती. खाडीवर जन्म काढलेल्या माणसाला भरतीची वेळ विसरता येत नाही. मग ते पहाट का म्हणतात? कारण मध्यरात्रीची पाळी त्यांची होती. पहाटेची पाळी धाकट्याची. बांध पहाटे फुटला असेल तर तो भावाच्या पाळीत फुटला, आणि मध्यरात्री फुटला असेल तर आजोबांच्या पाळीत, ज्या वेळी ते बांधावर नव्हते आणि त्यांच्या जागी भाऊ उभा होता. सणाची रात्र होती, गावात नाच-गाणे चालू होते. वीस वर्षांचा मुलगा ‘थोडा वेळ तू बघ, मी आलोच’ असे म्हणून गेला असेल. एवढ्या एका बदललेल्या वेळेवर त्यांनी बासष्ट वर्षे काढली आहेत, आणि ज्या मुलीचे नाव यादीत नाही तिच्या बापाच्या मरणाशी त्यांचे नाते त्या वेळेत लपलेले आहे.

हे कोणाच्या लक्षात येणार? नातवाच्या येणार नाही, आणि येऊही नये. तो इमारतीत वाढला आहे. खाडी त्याने पामबीच रस्त्यावरून गाडीतून पाहिलेली आहे आणि भरती-ओहोटीचा संबंध त्याच्या लेखी पावसाळ्यातल्या बातम्यांशी आहे. इथे आणखी एका श्रोत्याची गरज आहे. मसुद्यात आजी चहा आणून आत निघून जाते. तिला जाऊ देऊ नका. ती दाराशी मासळी निवडत बसलेली असू द्या, आणि आजोबा पहाटेवर आले की तिने मान वर न करता एवढेच म्हणावे: ‘पुनवेला पाटंची भरती?’ आजोबांनी उत्तर देऊ नये. ‘तू गप’ असेही म्हणू नये. त्यांनी गोष्ट पुढे चालू ठेवावी, फक्त त्या जागेपासून त्यांच्या वाक्यांतला ‘आम्ही’ जाऊन ‘तो’ यावा. आतापर्यंत ‘आम्ही बांधावर होतो’ असे सांगणारा माणूस ‘तो बांधावर होता’ असे म्हणू लागला, तर नातवाला कळले नाही तरी वाचकाला कळेल. भरतीचा हिशेब ज्यांना ठाऊक नाही अशा वाचकांसाठी तिथीची पाऊणपट आधी, कथेच्या सुरुवातीला, अगदी वेगळ्या निमित्ताने येऊन गेलेली बरी. उदाहरणार्थ, आजी मासळीवाल्याची होडी केव्हा लागेल याचा अंदाज बांधत असताना. उलगड्याच्या जागीच माहिती दिली तर तो प्रसंग स्पष्टीकरणासारखा वाचला जाईल.

याच धाग्यावर मसुद्यातला दुसरा दोषही उपयोगी पडतो. भावाचे शेवटचे क्षण तुम्ही फार बारकाईने रंगवले आहेत: तो उघाडीच्या फळ्या धरतो, एक फळी सुटते, तो हाक मारतो. हे आजोबांनी पाहिले कुठून? प्रथमपुरुषी निवेदकाला जिथे तो हजर होता तिथलेच सांगता येते, आणि बाकीचे कोणाकडून कळले ते सांगावे लागते. नवे लेखक हा नियम मोडतात तेव्हा वाचकाला कारण सांगता येत नाही, पण कथा खोटी वाटू लागते. तुमच्या कथेत तुम्ही तो जाणून मोडू शकता. आजोबा गावात नाचत होते, तर हाक त्यांनी ऐकली नाही. ती त्यांनी नंतर इतकी वर्षे मनात ऐकली आहे. तेव्हा वर्णन ठेवा, पण कमी करा. फळी सुटण्याचा तपशील दुसऱ्या दिवशी चिखलात पाहिलेल्या उघाडीवरून कोणालाही लावता येतो, म्हणून तो राहू द्या. हाक काढा, किंवा नातवाला विचारू द्या: ‘तुम्हाला ऐकू आली?’

आता श्रोत्याने मध्ये बोलण्याविषयी. वेताळाच्या गोष्टींत राजाला बोलायची बंदी आहे: तो बोलला तर वेताळ पुन्हा झाडावर जातो, आणि उत्तर ठाऊक असून गप्प बसला तर त्याच्या डोक्याची शकले होतात. त्यामुळे प्रत्येक गोष्टीच्या शेवटी राजाचे बोलणे ही स्वतःच एक घटना असते. तुमच्या नातवाचे ‘मग काय झालं?’ ही घटना नाही. ती नुसती वाचकाला जागे ठेवण्याची धडपड आहे, आणि गोष्ट चांगली असेल तर वाचक जागाच असतो. श्रोत्याने तेव्हाच तोंड उघडावे, जेव्हा त्याच्या बोलण्याने सांगणाऱ्याला वाट बदलावी लागेल. तुमच्या कथेत अशा जागा मला तीनच दिसतात. पहिली अगदी सुरुवातीला, जेव्हा नातू ‘आधी सही करा, मग सांगा’ म्हणतो आणि आजोबा नकार देतात. दुसरी आजीच्या वाक्याची. तिसरी भावाच्या बायकोची, जेव्हा नातू प्रथमच विचारतो, ‘म्हणजे मला एक आत्या आहे?’ आणि त्याची नजर कागदाकडे जाते. बाकी सगळे व्यत्यय, खोकला, पाण्याचा तांब्या, गेलेली वीज, निर्धास्तपणे काढून टाका. वीज जाण्याचा तर मला खरोखर कंटाळा आला आहे; आमच्या ठाण्यातल्या कथावाचनाच्या बैठकीत ज्या ज्या आजोबांनी गोष्ट सांगितली त्या बहुतेकांच्या घरची वीज गेलेली होती.

चौकटीने तुमचे एक नुकसान होणार आहे, तेही लक्षात घ्या. आजोबा खाटेवर जिवंत बसलेले आहेत, म्हणजे ते त्या रात्री वाचले हे पहिल्याच पानावर कळते. त्यामुळे ‘मी पाण्यात पडलो, आता संपलो असे वाटले’ या दोन पानांत ताण येत नाही, आणि माझा सल्ला आहे की ती पाने जाऊ द्यावीत. भाऊ मेला हेही लपवून ठेवण्यात अर्थ नाही. भिंतीवर त्याचा हार घातलेला फोटो नसेल तर तो का नाही असा प्रश्न पडेल. दोघांचेही काय झाले हे सुरुवातीलाच कळू द्या. मग वाचकाचे लक्ष कोण वाचले यावरून निघून कोण कुठे होते यावर जाते, आणि तुम्हाला तेच हवे आहे.

भाषेविषयी दोन गोष्टी. तुमची बाहेरची कथा नातू ‘मी’ म्हणून सांगतो आणि आतली आजोबा ‘मी’ म्हणून सांगतात. अवतरणचिन्हांच्या आत अवतरणचिन्हे येऊन काही पानांवर मी कोण हेच कळत नाही. बाहेरचा थर तृतीय पुरुषात न्या. आतल्या गोष्टीला अवतरणचिन्हे देऊ नका, एक ओळ रिकामी सोडून ती सुरू करा. आजोबा बोलत आहेत हे ‘बाबू’ या हाकेवरून आणि सांगण्याच्या ढंगावरून कळेल. तोंडी सांगणारा मराठी माणूस महत्त्वाच्या जागी भूतकाळ सोडून वर्तमानात येतो: ‘मी वेशीपाशी येतो, बघतो तर सगळे लोक बांधाकडे पळतायत.’ हा बदल तुम्ही सर्वत्र केला आहे, त्यामुळे त्याचा जोर गेला आहे. तो फक्त ते गावातून बांधाकडे पळत गेले त्या एका परिच्छेदात ठेवा. दुसरी गोष्ट आगरी बोलीची. एवढी लांब कथा पूर्ण बोलीत वाचणे बाहेरच्या वाचकाला जड जाते आणि अर्ध्या प्रमाण भाषेत अधूनमधून पेरलेली बोली गावच्या माणसाला खोटी वाटते. माझा मार्ग असा आहे: बाहेरच्या थरातले संवाद, विशेषतः आजीचे, घट्ट बोलीत, आतली गोष्ट साध्या मराठीत, पण वाक्यरचना बोलण्याची आणि वस्तूंची नावे गावची, म्हणजे खाजण, उघाडी, खांड, भांग ही नावे जशीच्या तशी, अर्थ संदर्भातून. आजीचे संवाद त्या भागातल्या एखाद्या वयस्क बाईंना वाचून दाखवून तपासा. गावागणिक उच्चार बदलतो.

बाहेरचा थर किती असावा, याला नियम नाही. तुमच्या लांबीच्या कथेत तो पाचव्या हिश्श्याच्या पुढे गेला तर आतल्या गोष्टीचा ओघ तुटतो असा माझा अनुभव आहे. मात्र तो सगळीकडे सारखा वाटून टाकू नका. सुरुवातीला दीड-दोन पाने लागतील, कारण घर, कागद, आजी आणि तिथीचा हिशेब सगळे तिथे मांडायचे आहे. मधल्या जागांना काही ओळी पुरतात. उरलेले सगळे शेवटासाठी राखून ठेवा.

शेवट हा मसुद्याचा सर्वांत कच्चा भाग आहे. गोष्ट संपते, नातू डोळे पुसतो, आजोबा सही करतात, आणि बाहेर जिथे बांध होता तिथे आता इमारती उभ्या आहेत असे एक लांब वर्णन येते. इमारतींचे वर्णन काढा. नवी मुंबईतल्या प्रत्येक वाचकाला ते ठाऊक आहे आणि खिडकीतून दिसते आहे. डोळे पुसणेही काढा. आतल्या गोष्टीने बाहेरच्या थरात एक प्रश्न निर्माण केला आहे, की यादीत आत्याचे नाव घालायचे का. ते घातले तर नातवाचा हिस्सा कमी होतो, बिल्डरशी झालेले बोलणे लांबते, कदाचित मोडतेही. हा निर्णय आता आजोबांचा राहिलेला नाही, कारण त्यांनी आपले सांगून टाकले आहे. तो नातवाचा आहे. म्हणून शेवटचे पान त्याला द्या. आजोबा सहीसाठी हात पुढे करतील आणि नातू कागद देण्याऐवजी आत्याचे गाव कोणते ते विचारील, हा एक मार्ग. दुसरा मार्ग असा की तो कागद देतो, आजोबा सही करतात, आणि नातू आत्याविषयी काहीही विचारत नाही. दुसरा मला अधिक खरा वाटतो आणि लिहायला अधिक कठीणही आहे, कारण त्यात नातवाला वाईट ठरवण्याचा मोह टाळावा लागेल. त्याचा गृहकर्जाचा हप्ता सुरुवातीच्या दोन पानांत कुठेतरी येऊ द्या, म्हणजे तो मोह टळेल. दोन्ही शेवट लिहून पाहा. आजीने सही झाल्यावर काय करावे हे तुम्हाला कोणत्या मसुद्यात लगेच सुचते, यावरून निवड करा.